गुणगुणणारी, पण न फिरणारी चिमणी

बटण दाबलं की दिवा लागतो, आतून ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो, पण वारा काही ओढला जात नाही. दोन-चार मिनिटांनी आवाजही थांबतो. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. अशा वेळी ‘मोटर जळाली’ हा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. आवाज येतोय म्हणजे मोटरच्या मुख्य वाइंडिंगमध्ये वीज पोचते आहे.

घरगुती विजेवर ही मोटर आपली आपण फिरायला लागत नाही. तिच्या दुसऱ्या वाइंडिंगला कपॅसिटर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर, किंचित वेगळ्या वेळेला प्रवाह पुरवतो आणि त्यातून फिरवणारा जोर तयार होतो. कपॅसिटर मंदावला की जोर कमी पडतो. मोटर जागीच अडकून जास्त प्रवाह खेचते आणि तापते. मग वाइंडिंगला चिकटवलेला थर्मल कटआउट वीज तोडतो. काहींमध्ये तो थंड झाल्यावर आपोआप जोडला जातो. काहींमध्ये मात्र एकदाच उडणारा फ्यूज असतो, त्यानंतर आवाजही येत नाही.

एका स्वयंपाकघरातल्या चिमणीचंच पाहा. प्लग काढून ब्लोअर हाताने फिरवला, तर तो फिरला, पण जडपणे. कपॅसिटरवर ४ मायक्रोफॅरड, अधिक-उणे ५ टक्के, ४४० व्होल्ट असं छापलेलं होतं. म्हणजे ३.८ ते ४.२ चालतं. मेकॅनिकने तो रेझिस्टरमधून डिस्चार्ज केला, वायर सुटी केली आणि मल्टीमीटर लावला, तर आकडा आला २.३. वरून तो अगदी नव्यासारखा दिसत होता. हे कपॅसिटर फुगून न दिसताही आतून झिजतात, म्हणून डोळ्यांवर भरवसा नको. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. व्होल्ट जास्त चालतील, कमी नाही. ‘थोडा मोठा टाकू, जोर वाढेल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये, त्याने दुसरं वाइंडिंग तापतं.

नवा कपॅसिटर बसला, चिमणी सुरू झाली. पण वीस मिनिटांनी पुन्हा बंद! इथे वेळच खूण देते: न फिरता लगेच बंद पडली तर कपॅसिटर किंवा जाम झालेला ब्लोअर, आणि फिरून उशिरा बंद पडली तर हळूहळू साठलेली उष्णता. ब्लोअर काढल्यावर पात्यांमध्ये फोडणीच्या तेलाचा थर डिंकासारखा घट्ट झालेला दिसला, आणि तेच तेल शाफ्टच्या बुशमध्येही उतरलं होतं. बुश जड झाला की मोटर मंद फिरते, आणि मंद मोटर जास्त प्रवाह घेते. त्यात पाती बुजल्याने मोटरला थंड करणारी हवाही कमी. जुना कपॅसिटर लवकर मेला, त्यात या उष्णतेचा वाटा असणार.

ब्लोअर गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुतला, पण मोटरवर पाण्याचा थेंबही पडू दिला नाही. बुश पुसून त्यात नवं तेल घातलं. कटआउट ‘त्रास देतो’ म्हणून तो वगळून थेट वायर जोडणारे कारागीर भेटतात. त्यांना सरळ नाही म्हणावं. त्यानंतर तापलेली मोटर थांबवायला काहीच उरत नाही, आणि वर तेलाने माखलेली नळी असते.