‘पहाटे पाचला उठा’ ही ओळ मी का खोडली

सकाळच्या दिनचर्येवरची माझी जुनी पोस्ट परवा पुन्हा वाचली आणि खरंच लाज वाटली. त्यात तीन ओळी ठळक केल्या होत्या : ‘पहाटे पाचला उठा. दुकान उघडेपर्यंत मोबाइलला हात लावू नका. २१ दिवस करा, सवय लागणारच.’ नुसते हुकूम! मी स्वतः हे सलग किती दिवस केलं होतं? चार.

म्हणून गेल्या जूनमध्ये उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर रोज लिहीत गेलो : झोपलो कधी, उठलो कधी, संध्याकाळी गल्ला जुळला का. ३० पैकी ११ दिवस पाचला उठलो. पण इथे रत्नागिरीत माझं शटर रात्री साडेनऊला खाली येतं. हिशोब, जेवण उरकून पाठ टेकायला साडेअकरा होतात, म्हणजे झोप साडेपाच तास. त्या ११ पैकी ७ दिवस गल्ला जुळला नाही. सुट्टे देताना चुका. साडेसहाला उठलो त्या १९ दिवसांत असं तीनदाच झालं. एका माणसाचा एकच महिना आहे हा, पण माझ्यापुरतं कळलं.

आता ती ओळ अशी आहे : ‘आधी झोपायची वेळ लिहा, त्यात सात तास मिळवा, ती तुमची उठायची वेळ. माझी साडेसहा येते.’

मोबाइलचं तर विचारूच नका. पाव-दुधाच्या गाडीवाल्याचा फोन सातच्या आत येतो. नाही उचलला, तर माझा क्रेट पुढच्या दुकानात उतरतो! म्हणून लिहिलं, ‘फोन घ्या. स्टेटस आणि रील शटर उघडल्यावर.’ हे मला आठवड्यातले पाच दिवस जमतं, आणि तेही पोस्टमध्ये लिहिलंय.

राहिले २१ दिवस. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. बदललेल्या चेहऱ्याची रुग्णांना सवय व्हायला निदान इतके दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याचा दुकानाशी काय संबंध? पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही दिसलं. म्हणून ‘२१ दिवस’ खोडून लिहिलं, ‘दोन-तीन महिने धरून चला. गणपतीत चार दिवस मोडलं, तर पाचव्या दिवशी तिथूनच पुढे.’

शेवटी एक ओळ नवीन घातली : ‘हे किराणा दुकानात, पावसाळ्यात तपासलेलं आहे.’ कारण एप्रिल-मेमध्ये रात्री उशिरापर्यंत आंब्याच्या पेट्या भरून गाडीत चढवणाऱ्याला माझं साडेसहाचं गणितही लागू पडणार नाही.