शेंडा, उजेड आणि उघडे खोड

पनवेलच्या सदनिकांत हौसेने आणलेले रबराचे झाड चार-पाच वर्षांत बहुधा एकाच रूपाला येते. वर दहा-बारा तुकतुकीत पाने, खाली काठीसारखे उघडे खोड. हे ‘फायकस इलास्टिका’, वड-उंबरांच्या गोतावळ्यातले. मेघालयातले जिवंत मुळांचे पूल याच झाडाचे. (केरळच्या मळ्यांतले रबर वेगळे, ते मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातले.) सावलीतल्या जुन्या पानाचा खर्च त्याच्या मिळकतीपेक्षा वाढला, की झाड त्यातले नत्र काढून वरच्या कोवळ्या पानांना देते आणि ते पान गाळते. त्याला खत घालून काय होणार?

गळलेल्या पानाच्या जागी पुन्हा पान फुटत नाही. पण त्या खुणेच्या लगेच वर एक डोळा निद्रिस्त असतो. शेंड्याकडून खाली उतरणारे ऑक्सिन हे संप्रेरक त्याला दाबून ठेवते. शेंडा छाटला की तो धाक संपतो. मात्र जागे होतात ते बहुधा कापालगतचे दोन-तीन डोळे. म्हणून बोटभर टोक खुडले तर फांद्या वरच फुटतात आणि बूड तसेच राहते.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंचे झाड साडेपाच फूट उंच, खालचे तीन फूट उघडे, खिडकीपासून दहा फुटांवर. आधी माती पाहिली. ती सतत ओली असती आणि पाने वर-खाली कुठलीही पिवळी पडत असती, तर मुळे कुजल्याचा संशय घ्यावा लागला असता. इथे पाने खालून वर, एकेक करून गळली होती. जानेवारीत कुंडी पूर्वेच्या खिडकीशी नेली. एकदम पश्चिमेच्या उन्हात ठेवली असती तर पाने करपली असती. उजेड आधी, कात्री नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. अंधारात निष्पर्ण खुंट फुटेलच याचा भरवसा नाही.

फेब्रुवारीत पानांच्या खाली गुटी बांधली: इंचभर सालीचे कडे काढून ओले शेवाळ, वर प्लॅस्टिक. एप्रिलमध्ये प्लॅस्टिकमधून मुळे दिसली, तेव्हा शेंडा गुटीखाली कापून घेतला. उरलेले खोड दीड फुटावर, एका खुणेच्या बोटभर वर, छाटले. पांढरा चीक ओल्या फडक्याने टिपला. तो कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो, म्हणून हातमोजे हवेतच. पाने नसल्याने पाणी अर्ध्यावर आणले. महिन्याभरात दोन डोळे फुगले, लालसर टोके निघाली आणि पावसाळ्याचे ढग येण्याआधी चार-चार पाने पक्की झाली.

कुंडी दर आठवड्याला पाव फेरा फिरवतात, नाहीतर फांद्या खिडकीकडेच झुकतात. खालचा दीड फूट मात्र उघडाच आहे. त्याच्या बुडाशी, त्याच कुंडीत, काकूंनी गुटीचा शेंडा लावला आहे.