मेसच्या ताटातला नफा कोण खातो?

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं राहतात, म्हणून तिथं गल्लोगल्ली मेस आहेत. जेवणाच्या वेळेला बाहेर चपलांचा ढीग दिसतो आणि आत जागा नसते. पाहणाऱ्याला वाटतं, मालक बक्कळ कमावत असणार. पण यातल्या कितीतरी मेस वर्ष-दोन वर्षांत बंद पडतात आणि त्याच जागेत नव्या नावाची पाटी लागते. गिऱ्हाईक भरपूर असूनही पैसा टिकत नाही, हे कसं?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची एक पद्धत हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल पोर्टर यांनी 1979 साली एका लेखात मांडली. अर्थशास्त्रातली एक शाखा त्याआधीपासून एक गोष्ट शोधत होती : काही उद्योगांत स्पर्धा असूनही नफा जास्त का राहतो? त्यांचा हेतू ग्राहकाचं संरक्षण हा होता. पोर्टर यांनी तेच ज्ञान उलटं फिरवून धंदेवाल्याच्या हाती दिलं. त्यांचं म्हणणं असं, की धंद्यातला नफा फक्त शेजारचा प्रतिस्पर्धी पळवत नाही. माल घेणारा, माल देणारा, उद्या येऊ शकणारा नवा माणूस आणि तीच गरज वेगळ्या मार्गानं भागवणारा पर्याय हेही त्यावर हक्क सांगतात. प्रतिस्पर्धी धरून या पाच शक्ती होतात.

आता एक काल्पनिक मेस घेऊ. आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून धरले आहेत. शंभर मुलं, दोन वेळचं जेवण, महिना तीन हजार रुपये. म्हणजे जमा तीन लाख. किराणा, भाजी, दूध-दही यांत दीड लाख जातात. पोळ्या लाटणाऱ्या बायका, भांडी घासणारी आणि वाढपी यांचे साठ हजार. एकोणीस किलोचे व्यावसायिक सिलिंडर धरून अठरा हजार. वीज, पाणी, किरकोळ दुरुस्तीचे बारा हजार आणि जागेचं भाडं चाळीस हजार. उरले वीस हजार. नवरा-बायको पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यातच असतात. दोघांचा साधा पगार धरला, तर धंद्याचा स्वतःचा नफा शून्याखाली जातो.

मग दर वाढवावा? इथं पहिली अडचण गिऱ्हाइकाची. घरून येणाऱ्या पैशातला मोठा वाटा मेसलाच जातो, त्यामुळे मुलं दराबाबत फार जागरूक असतात. मेस बदलायला खर्च काहीच नाही. महिना संपला की पुढच्या गल्लीत जायचं. शिवाय मुलं एकेकटी जात नाहीत. एका खोलीतला एक हलला, की सोबतचे तिघंही हलतात. महिन्याचे पैसे आगाऊ घेणं, ‘सलग तीन दिवस खाडा असेल तरच पैसे वळते’ अशी पाटी लावणं, हे मालकाचे या ताकदीला घातलेले छोटे बांध आहेत. महिनाभर ते टिकतात, त्यापुढे नाही.

शेजारच्या मेसशी चढाओढ तर आहेच, आणि ताट सगळीकडे सारखंच असल्यानं ती शेवटी दरावर येते. शिजलेलं अन्न उद्यावर ठेवता येत नाही, म्हणून रिकाम्या पाटापेक्षा कमी दराचं गिऱ्हाईक बरं वाटतं. दर पाडायचा नसेल, तर रविवारची फीस्ट वाढते. एकानं गुलाबजाम दिले, की दुसऱ्याला श्रीखंड द्यावं लागतं. दोघांचा खर्च वाढतो, मुलं मात्र होती तिथंच राहतात. याउलट एकानं कोल्हापुरी मांसाहारी आणि दुसऱ्यानं कमी तेलाचं साधं जेवण धरलं, तर दोघांची गिऱ्हाइकं वेगळी होतात आणि ही ओढाताण सैल पडते.

पर्याय म्हणजे दुसरी मेस, असं बरेच जण समजतात. ती चूक आहे. दुसरी मेस हा प्रतिस्पर्धी. पर्याय म्हणजे खोलीतली इंडक्शन शेगडी, रात्रीचा वडापाव, मोबाइलवरून मागवलेली बिर्याणी. त्याहून मोठा पर्याय म्हणजे मुलानं पुण्यात न येता गावीच बसून ऑनलाइन क्लास करणं. 2020 च्या टाळेबंदीत मुलं गावी गेली, तेव्हा या पेठांतल्या मेसचा धंदा दरामुळे बसला नाही. भूक होती, पण ती पुण्यात नव्हती.

आता माल देणाऱ्यांकडे येऊ, कारण या धंद्याचं खरं मर्म तिथं आहे. किराणा दुकानदार अनेक आहेत, एक महागला तर दुसरा. गॅसचा दर मालकाच्या हातात नाही, पण तो सगळ्याच मेसना सारखा लागतो. झटपट एकसारख्या पोळ्या करणारी बाई मात्र दुर्मीळ. ती गेली, तर दुसऱ्याच दिवशी मुलं कुरकुरतात, आणि आपल्याला मागणी आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं. पण या सगळ्यांपेक्षा ताकदवान पुरवठादार यादीत सहसा कुणी लिहीतच नाही. तो म्हणजे जागेचा मालक.

मुलं चालत जाता येईल तिथंच जेवतात. म्हणून अभ्यासिकेजवळची जागा हाच मेसचा मोठा आधार, आणि तो मेसवाल्याच्या मालकीचा नाही. अकरा महिन्यांचा करार असतो. मेस चालत नसेल तर भाडं वाढत नाही. बाहेर चपलांचा ढीग दिसू लागला, की नूतनीकरणाच्या वेळी चाळीसचे पन्नास होतात. म्हणजे चांगल्या स्वयंपाकानं कमावलेला जास्तीचा रुपया घरमालकाच्या खात्यात जातो.

तिथून पाचवी शक्ती कामाला लागते. घरातला स्वयंपाक येतो, दोन मोठी पातेली आणि शेगडी आहे, एवढ्यावर मेस सुरू होते. परवाने-नोंदणी आहेत, पण ते फार मोठे अडथळे नाहीत. त्यामुळे एखाद्या गल्लीत थोडा नफा दिसला, की नवा माणूस येतो, आणि तो आधी दर पाडतो, शिवाय जागेसाठी घरमालकाला जास्त भाडंही देऊ करतो.

यावर उपाय म्हणून कुणी स्वयंपाकघर स्वस्त वस्तीत हलवून डबे पोचवायला लागेल. घरमालकाची पकड सुटते, हे खरं. पण जागेनं मिळणारं संरक्षणही सुटतं. आता शहरातला कुठलाही डबेवाला त्याच मुलांपर्यंत पोचू शकतो, आणि डबा ॲपवरून विकला तर कमिशन घेणारा नवा दावेदार उभा राहतो. एक दाब कमी केला की दुसरा वाढतो. पाच चौकटी काढून त्यांत ‘जास्त’, ‘कमी’ असं भरून मोकळे होणारे विद्यार्थी नेमकं हेच विसरतात. शक्ती मोजायच्या त्या हिशेबाच्या वहीतल्या ओळीशी जोडून.

या पद्धतीला मर्यादाही आहे. ती धंद्याची सरासरी स्थिती सांगते, अमुक मेस बुडेल की चालेल हे नाही. खुद्द पोर्टर आणि अनिता मॅकगहन यांनी 1997 मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या नफ्यातले फरक तपासले, तेव्हा त्यातला साधारण 19 टक्के भाग उद्योगामुळे आढळला. म्हणजे चालवणाऱ्याच्या कौशल्याला वाव बराच आहे.

तरीही मेस काढायचा विचार असेल, तर आधी जागेच्या मालकाशी बोला. अकराऐवजी छत्तीस महिन्यांचा करार आणि दरवर्षीची भाडेवाढ आताच ठरवून नोंदवून घ्या. मेस चालू लागल्यावर तो या अटी मान्य करणार नाही. आजच नकार दिला, तर दुसरी जागा बघा.