लेखक ओळखण्याची टक्केवारी : विभेदक विश्लेषणातील एक सापळा

काही वर्षांपूर्वी माझ्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थिनीने दोन गद्यलेखकांचे प्रत्येकी 20 उतारे घेतले. ‘पण’, ‘मात्र’, ‘तर’, ‘सुद्धा’ यांसारखे 19 शब्द दर हजार शब्दांत किती वेळा येतात हे तिने मोजले आणि विभेदक विश्लेषण, म्हणजे डिस्क्रिमिनंट ॲनालिसिस, केले. 40 पैकी 39 उतारे त्या त्या लेखकाच्या नावावर बरोबर पडले. या आधारावर एका जुन्या मासिकातील निनावी लेख यांपैकी एकाचा ठरवायचा होता. प्रकरण मी वाचले आणि सही केली. बहिःस्थ परीक्षकांनी एवढेच विचारले, “हे 39 कोणत्या उताऱ्यांपैकी?” ज्यांवरून सूत्र बांधले, त्यांपैकीच. चूक तिची कमी आणि माझी जास्त होती.

विभेदक विश्लेषण दोन गटांची सरासरी व आतला विखार पाहून एक सीमारेषा आखते. उतारा रेषेच्या ज्या बाजूला पडेल, त्या लेखकाचा. ज्या उताऱ्यांवरून रेषा आखली तेच तिच्यावर पुन्हा तपासले की मिळणाऱ्या यशाला रिसब्स्टिट्यूशन अचूकता म्हणतात. ती फुगते का, हे एकाच शब्दाच्या काल्पनिक उदाहरणात पाहता येईल.

समजा, ‘पण’चे दर हजारी प्रमाण पहिल्या लेखकाच्या चार उताऱ्यांत 2, 3, 4 आणि 7 आहे, दुसऱ्याच्या चारांत 9, 10, 11 आणि 12. सरासरी अनुक्रमे 4 आणि 10.5. एकच शब्द आणि दोन्ही लेखकांना समान संधी असेल, तर रेषा बरोबर मध्यावर येते : 7.25. आठही उतारे योग्य बाजूला पडतात. शंभर टक्के!

आता 7 चा उतारा बाजूला ठेवून रेषा नव्याने आखू. पहिल्या लेखकाची सरासरी 3 होते आणि रेषा 6.75 वर सरकते. बाजूला ठेवलेला उतारा आता दुसऱ्या लेखकाच्या पदरात पडतो. म्हणजे आधी तो बरोबर ठरला, कारण त्याने स्वतःच सरासरी आपल्याकडे ओढली होती. उरलेले सात उतारे असेच एकेक करून वगळून पाहिले तर ते जागेवरच राहतात. आठांपैकी सात, म्हणजे 87.5 टक्के. एकेक उतारा वगळून तपासण्याच्या या रीतीला लीव्ह-वन-आउट क्रॉस-व्हॅलिडेशन म्हणतात. निनावी लेखही रेषा आखताना हजर नसतोच; म्हणून त्याच्याबाबत विश्वास ठेवायचा तो याच आकड्यावर.

एका शब्दाने एवढे होते, तर 19 शब्दांनी काय होईल? थॉमस कव्हर यांनी 1965 मध्ये मांडलेल्या गणितानुसार 40 बिंदू 19 मापांच्या अवकाशात असतील आणि त्यांना गट नाणे उडवून दिले असतील, तरी निम्म्या वेळा त्यांना बिनचूक दुभागणारी सीमा अस्तित्वात असते. विभेदक विश्लेषण नेमकी तीच सीमा शोधेल असे नाही, पण तिच्या जवळ जाण्याइतकी मोकळीक त्याला मिळते. म्हणजे लेखकांच्या शैलीत काडीचा फरक नसतानाही आकडा उत्तम दिसू शकतो. उतारे वाढले आणि शब्द मोजकेच ठेवले की दोन आकड्यांमधले अंतर आटत जाते.

आम्ही पुन्हा हिशेब केला तेव्हा 39 चे 31 झाले. एसपीएसएसमध्ये Classify च्या खिडकीत Leave-one-out classification ही चौकट असते. ती निवडली की दोन्ही टक्केवाऱ्या एकाच तक्त्याखाली येतात. बरेच प्रबंध नेमकी वरची, मोठी, उचलतात. ‘आर’मध्ये एका शब्दाचा फरक आहे :

```
library(MASS)
m <- lda(lekhak ~ ., data = utare, CV = TRUE)
table(utare$lekhak, m$class)
```

मात्र एवढ्यावर निर्धास्त राहू नये. 200 शब्दांतून ‘चांगले फरक दाखवणारे’ 19 शब्द सगळे उतारे पाहून आधीच निवडले असतील, तर वगळलेल्या उताऱ्याने त्या निवडीत भाग घेतलेलाच असतो. शब्दनिवडही प्रत्येक वेळी नव्याने व्हायला हवी. एसपीएसएसची स्टेपवाइज पद्धत वापरताना ती चौकट हे करत नाही. तसेच एका कादंबरीचे पाच उतारे असतील तर एक वगळून चार ठेवण्यात अर्थ नाही, कारण पात्रे आणि विषय त्यांना जोडून ठेवतात. तिथे पूर्ण कादंबरी वगळावी.

टक्केवारी कशाशी ताडायची हेही लिहावे. ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी निर्विवाद 51 हॅमिल्टनचे आणि 14 मॅडिसनचे धरले, तर डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘हॅमिल्टन’ म्हणणारा 65 पैकी 51, म्हणजे 78 टक्के बरोबर ठरतो. आमच्या दोन समान गटांत हा तळ 50 टक्के होता. त्यामुळे 31 म्हणजे 77.5 टक्के हा काही निरर्थक आकडा नव्हता; शैलीत फरक होता, पण एका निनावी लेखावर नाव लिहिण्याइतका नव्हता.

विद्यार्थिनीने ते प्रकरण नव्याने लिहिले. दोन्ही आकडे, शब्द कसे निवडले आणि प्रत्येक लेखकाचे किती उतारे चुकीच्या बाजूला गेले, हे तिने तक्त्यात दिले. निनावी लेखाचे शीर्षक अनुक्रमणिकेत ‘लेखक अनिश्चित’ या नोंदीखालीच राहिले.