हेल्मेटच्या आत कोण आहे?

क्रिकेटच्या फोटोत फलंदाजाचा चेहरा क्वचितच नीट मिळतो. डोक्यावर हेल्मेट, पुढे जाळी आणि पुष्कळदा फोटोही पाठीमागून घेतलेला. म्हणून फोटोओळ लिहिणारा जाणता माणूस चेहऱ्यामागे न लागता जर्सीचा रंग, पाठीवरचा आकडा आणि धावफलक बघतो.

२ एप्रिल २०११ची वानखेडेवरची अंतिम लढत घ्या. फोटोत निळ्या जर्सीतले दोघे फलंदाज आहेत. एकाच्या पाठीवर ७ आहे, म्हणजे धोनी. दुसरा कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा, त्यामुळे आकडा दिसत नाही; तो डावखुरा आहे, एवढंच कळतं. त्या दिवशी धोनीबरोबर खेळलेले दोघेही डावखुरे होते, गंभीर आणि युवराज. मग निवाडा कसा करायचा?

मागचा धावफलक फोटोत आला असेल तर काम सोपं. कोहली बाद झाला तेव्हा भारताच्या ११४ धावा होत्या आणि धोनी मैदानात आला. गंभीर ९७ धावांवर बाद झाला तेव्हा २२३. म्हणजे फलकावर १५० किंवा २०० दिसलं तर समोरचा गंभीर, २४० दिसलं तर युवराज. पाठ दिसली असती तर ५ की १२ एवढंच पाहायचं होतं. (सेहवागच्या पाठीवर त्या स्पर्धेत आकडाच नव्हता, तीही एक खूणच.)

पण आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये. १० म्हटलं की आपल्याला सचिनच आठवतो. ऑगस्ट २०१७मध्ये कोलंबोत मात्र १० घालून शार्दूल ठाकूर खेळला होता. १८ कोहलीचा आणि स्मृती मानधनाचाही. आकड्याचा धनी ठरतो तो संघ आणि वर्ष धरूनच. कसोटीत तर २०१९च्या ऑगस्टपर्यंत पाठीवर आकडेच नव्हते. त्याआधीच्या फोटोंना धावफलक आणि डावा-उजवा एवढाच आधार.

सगळ्यात मजेशीर फसगत जुलै २०२३ची. बार्बाडोसच्या एकदिवसीय सामन्यात सूर्यकुमार यादव संजू सॅमसनची जर्सी घालून उतरला. पाठीवर ९ आणि नावही सॅमसनचं. दोघेही उजव्या हाताने खेळणारे, त्यामुळे नुसत्या फोटोवरून ओळ लिहिणारा हमखास चुकला असता. उलगडा होतो तो अंतिम अकरांची यादी पाहिल्यावर, कारण सॅमसन त्या सामन्यात खेळतच नव्हता. पाठीवर छापलेलं नावही यादीशी ताडून पाहायचं ते यासाठीच. राखीव खेळाडू क्षेत्ररक्षणाला आलेला असला, तर त्याचं नाव अकरांत सापडणार नाही. म्हणून पूर्ण संघाची यादीही हाताशी हवी.

एवढं करूनही दोन नावं उरली, तर ओळीत ‘भारतीय फलंदाज’ एवढंच लिहावं.