पायातला रॉड सांगता, डोळ्यातला कणही सांगा

चाकण-भोसरीत ग्राइंडरवर काम करणाऱ्या मित्रांनो, एमआरआयआधी 'अंगात धातू आहे का?' असं विचारतात, तेव्हा आपल्याला फक्त ऑपरेशनचा रॉड आठवतो. टायटॅनियमचा रॉड चुंबक ओढत नाही. त्याच्याभोवतीचं चित्र तेवढं बिघडतं. खरा धोका डोळ्यात उडून आत राहिलेल्या लोखंडी कणाचा असतो. अमेरिकेत पूर्वी पत्र्याचं काम केलेल्या एका माणसाच्या डोळ्यातला असा कण स्कॅनवेळी हलला, आत रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. ही नोंद १९८६ची. स्कॅन सुरू नसतानाही यंत्राचं चुंबक चालूच असतं. म्हणून खोलीत शिरण्याआधीच सांगा. डोळ्यांच्या एक्स-रेत कण दिसला, तर डॉक्टर एमआरआय टाळून दुसरी तपासणी सुचवतात.