निघण्याआधी नकाशात पाहा, कोणतं तारापूर?

आमचा बचत गट विक्रमगड तालुक्यातला. मागच्या वर्षी आम्हाला एका कारखान्याच्या कँटीनची नाचणीच्या पापडांची ऑर्डर मिळाली. पत्ता होता 'तारापूर एमआयडीसी'. टेम्पोवाल्याने विचारलं, "तारापूरलाच ना?" आम्ही हो म्हटलं, आणि पोहोचलो थेट चिंचणीजवळच्या तारापूर गावात. फोनला रेंज नव्हती. विचारत विचारत परतलो तोवर जेवणाची वेळ टळून गेली होती. त्यांनी अर्धाच माल घेतला.

तेव्हा कळलं, की तारापूर गाव समुद्राकाठी आहे, आणि तारापूर एमआयडीसी मात्र बोईसर स्टेशनजवळ. अणुवीज केंद्रही तारापूरच्याच नावाने ओळखतात, पण तेही वेगळ्या ठिकाणी. नाव एक, ठिकाणं तीन!

आता आम्ही आदल्या दिवशी, रेंज असेल तिथे बसून तयारी करतो. आधी ज्यांच्याकडे जायचं त्यांना फोन करतो आणि गेटचं लोकेशन व्हॉट्सअॅपवर मागवतो. ते गूगल मॅप्समध्ये उघडून Save दाबतो. मग वर कोपऱ्यातल्या आपल्या गोल फोटोवर बोट ठेवून Offline maps उघडतो, Select your own map निवडतो. निळी चौकट येते. तिच्यात मनोर, पालघर, बोईसर, चिंचणी हे सगळं बसेल इतकी ती मोठी करतो आणि Download दाबतो. डाउनलोड सुरूच होत नसेल, तर 'फक्त वायफायवर' ही सेटिंग बघा.

यानंतरची गोष्ट विसरू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि जतन केलेली खूण उघडा. नकाशा दिसला, तर तो वाटेतही दिसेल. आपण कुठे आहोत हे फोन उपग्रहाकडून ओळखतो, त्याला टॉवर लागत नाही.

आता खूण कुठे पडली ते नीट बघा. बाजूला समुद्राचा निळा रंग दिसला, तर आपण गावाकडे निघालो आहोत. एमआयडीसीची खूण रेल्वेच्या रुळांपासून जवळ, बोईसरला लागून दिसेल. नुसतं 'तारापूर' लिहून जे पहिलं नाव येईल, त्यावर विसंबू नका.

रेंजशिवाय हा नकाशा गाडीचा रस्ता सांगतो. पायवाट, बसची वेळ किंवा पावसात बंद झालेला रस्ता सांगत नाही. ते चिल्हार फाट्यावर माणसांनाच विचारावं लागतं. शिवाय उतरवलेल्या नकाशाची मुदत संपते, म्हणून लांब निघताना Offline maps मध्ये तारीख बघून घ्या.

पुढच्या खेपेला आम्ही चिल्हार फाट्यावरून सरळ बोईसरला गेलो. गेटवर पोहोचलो तेव्हा जेवणाची घंटा व्हायची होती, आणि सगळे पापड खपले.